सन्नती ते एर्रगुडी: अशोकाच्या दक्षिणेतल्या लेखांमागे पाच दिवस

अशोकाचे लेख म्हटलं की सारनाथचा खांब नाहीतर गिरनारची शिळा आठवते. सोलापूरहून सकाळी निघालेला माणूस मात्र दुपारी अशोकाच्या एका लेखासमोर उभा राहू शकतो. पुढच्या चार दिवसांत रायचूर, कोप्पळ, चित्रदुर्ग आणि कर्नूल जिल्ह्यांत असे आणखी सात लेख बघून होतात. ही वाट घ्यायची ती एका प्रश्नासाठी. ज्या मुलखात बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि मगधाची भाषा कुणाच्या घरात बोलली जात नव्हती, तिथे दगडावर कोरून उपयोग काय? याचं उत्तर याच लेखांत आहे, आणि ते उत्तरेतल्या देखण्या खांबांपेक्षा इथल्या ओबडधोबड शिळांवर जास्त स्पष्ट दिसतं.

थोडी तयारी लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरावा. त्यानंतर ग्रॅनाइट इतका तापतो की हात टेकवत नाही. अक्षरं उथळ कोरलेली आहेत, त्यामुळे डोक्यावरच्या उन्हात ती सपाट होऊन गायब होतात. सकाळी साडेनऊच्या आत किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना पोचलात तर तीच अक्षरं उठून दिसतात. सावलीतल्या शिळांसाठी टॉर्च न्यावा, पण तो समोरून न मारता दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावा. खडू, पीठ, पाणी यांतलं काहीही लेखावर लावायचं नाही. त्याने दगड झिजतो, शिवाय खडूने गिरवलेलं चुकीचं अक्षर पुढच्या माणसाला खरं वाटायला लागतं.

दिवस पहिला: सन्नती आणि कनगनहळ्ळी

सोलापूर–कलबुर्गी–सन्नती. रेल्वेने यायचं तर वाडीच्या पुढचं नालवार हे स्टेशन जवळचं, तिथून रिक्षा किंवा जीप. भीमेच्या काठावरचं सन्नती महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना माहीत असतं ते चंद्रलांबेमुळे. ती अनेकांची कुलदेवी आहे. अशोकाचा लेखही तिच्याच आवारात सापडला. 1986 मध्ये तिथल्या काली मंदिराचं छत कोसळलं. ढिगारा उपसताना मूर्तीच्या खालचं पीठ बाहेर आलं, आणि त्या शिळेच्या दोन्ही बाजूंना ब्राह्मी अक्षरं निघाली. पीठ करताना मूर्तीची खुंटी बसवायला मधोमध खाच पाडली होती, तेवढा मजकूर कायमचा गेला. शिळा कुठे ठेवली आहे ते देवळातच विचारावं.

शिळेच्या एका बाजूला अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी बारावा आणि चौदावा आहे. दुसऱ्या बाजूला दोन 'स्वतंत्र' लेख आहेत, जे तोवर फक्त ओडिशात धौली आणि जौगडला माहीत होते. बाकीचे लेख ज्या शिळांवर असतील त्या इथे मिळालेल्या नाहीत.

बारावा लेख सगळ्या पंथांविषयी आहे. त्यात बुद्धाचं नावही नाही. जिभेवर ताबा ठेवा, दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करू नका, आपल्या पंथाची भक्ती म्हणून जो दुसऱ्याला खाली पाडतो तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं राजा सांगतो. अशोकाने 'बौद्ध धर्माचा प्रचार दगडावर कोरला' ही सोपी समजूत इथेच सोडावी लागते. त्याचा 'धंम' म्हणजे आईवडिलांची सेवा, नोकरचाकरांशी नीट वागणं, प्राण्यांची हत्या टाळणं, ब्राह्मण आणि श्रमण दोघांना दान. चार आर्यसत्यं किंवा निर्वाण यांचा या लेखांत उल्लेख नाही.

स्वतंत्र लेख अधिकाऱ्यांसाठी आहेत. 'सगळी माणसं माझी लेकरं' हे प्रसिद्ध वाक्य त्यांतलंच. पण या प्रवासासाठी त्यांची शेवटची सूचना जास्त कामाची आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी, म्हणजे आपल्या पुष्याला, ऐकवावा. मधल्या काळातही प्रसंगाने ऐकवावा. ऐकायला एकच माणूस असला तरी ऐकवावा. म्हणजे शिळा ही मूळ प्रत होती. लोकांपर्यंत जायचा तो आवाज. तारीख पंचांगाने ठरलेली आणि वाचणारा सरकारी माणूस.

चौदावा लेख म्हणजे सगळ्या लेखांना जोडलेली तळटीप. काही गोष्टी गोड आहेत म्हणून पुन्हा पुन्हा सांगितल्या, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला, कुठे जागेमुळे तर कुठे लिपिकाराच्या चुकीमुळे, अशी कबुली त्यात आहे. सम्राटाने आपल्या कारकुनाची चूक दगडावर मान्य करावी याची गंमत वाटते. 'लिपिकाराची चूक' हे शब्द ध्यानात ठेवा, चौथ्या दिवशी लागतील.

संध्याकाळचं ऊन कनगनहळ्ळीच्या स्तूपासाठी राखून ठेवावं. तो गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. पुरातत्त्व खात्याने 1994 पासून पुढची काही वर्षं तिथे उत्खनन केलं. चुनखडीच्या कोरीव फलकांनी मढवलेला हा महास्तूप आहे, आणि त्याचा मोठा भाग सातवाहन काळातला, म्हणजे अशोकानंतरच्या काही शतकांतला. एका फलकावर राजा, शेजारी राणी, मागे छत्र-चवरी घेतलेल्या स्त्रिया आणि ब्राह्मीत दोनच शब्द: 'रायो असोको'. अशोकाच्या नावानिशी कोरलेली त्याची प्रतिमा ती हीच. ती काही त्याला पाहून केलेली नाही. शिल्पकाराच्या आधी कितीतरी पिढ्या अशोक गेलेला होता. फलकांचे फोटो काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावं.

या दोन जागांमधल्या तीन किलोमीटरांत विषयाचा गाभा आहे. सन्नतीच्या शिळेवर सरकारी धंम आहे, बुद्धाविना. कनगनहळ्ळीत बुद्ध आहे, त्याचे दानशूर उपासक आहेत, आणि अशोक तिथे आदर्श उपासक म्हणून बसवलेला आहे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वाट कशी गेली त्याचा एक दुवा उद्या मस्कीला मिळतो.

दिवस दुसरा: मस्की

सन्नतीहून शहापूरमार्गे दक्षिणेला, कृष्णा ओलांडून लिंगसुगूर आणि तिथून सिंधनूरच्या रस्त्यावर मस्की. चार-साडेचार तास धरून चालावं. वाटेत जोळद रोट्टी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, आणि शेंगाची चटणी सगळीकडे मिळते. लेख गावालगतच्या टेकडीत, एका मोठ्या शिळेवर आहे. कुंपणाला कुलूप असलं तर आसपास राखणदाराची चौकशी करावी. दुपारी एक ते तीन जेवणामुळे माणूस न भेटण्याची शक्यता असते.

1915 मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला हा लेख दिसला. त्याचं महत्त्व पहिल्या ओळीत आहे. तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला 'देवानंपिय पियदसि' म्हणवून घेतो, नाव सांगत नाही. जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी उलगडली तेव्हा हा पियदसि कोण हे कळायला श्रीलंकेच्या पाली बखरी लागल्या. मस्कीच्या दगडावर सरळच आहे: 'देवानंपियस असोकस'. नंतर मध्य प्रदेशात गुजर्रा आणि बळ्ळारी भागात नित्तूर, उदेगोळम इथेही नाव मिळालं, पण पहिलं ते मस्कीत.

हा शब्द स्वतः वाचता येतो. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, ते आधी शोधा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच घडणीची अक्षरं आहेत, ती दोन्ही 'स'. डावीकडच्या 'स'च्या डोक्यावर दोन्ही बाजूंना आडवी काडी आहे, म्हणून तो 'सो'. त्याच्याही डावीकडे, दोन तिरक्या रेघा डाव्या अंगाला फुटलेली उभी काडी आहे, तो 'अ'. अ-सो-क-स. आता मागे जाऊन 'देवानंपियस' लावा. 'न' म्हणजे उलटा टी, 'व' म्हणजे वर दांडी असलेलं वर्तुळ, 'य' म्हणजे जहाजाचा नांगर. माथ्याला डावीकडे काडी असली की एकार, उजवीकडे असली की आकार, आणि अक्षराशेजारचा टिंब म्हणजे अनुस्वार. एवढ्यावर दक्षिणेतल्या कुठल्याही लेखाची सुरुवात ओळखता येते. दगडातली नैसर्गिक चीर मात्र फसवते. चिरेला खोली सारखी नसते आणि ती अक्षराच्या बाहेर पळत जाते. छिन्नीची रेघ ठरलेल्या जागी थांबते.

मजकूर 'लघुशिलालेख' प्रकारातला आहे. राजा स्वतःविषयी बोलतो: बुद्धाचा उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली, पण सुरुवातीला मी फारसा उत्साही नव्हतो, संघाजवळ गेल्यापासून मी झटू लागलो. अडीचला मूळ शब्द 'अढतियानि' आहे. अर्धतृतीय, म्हणजे तिसरं अर्धं. आपला 'अडीच' त्याच घराण्यातला, म्हणून मराठी कानाला हा दगड थोडा ओळखीचा वाटतो.

पुढे तो म्हणतो की या झटण्याचं फळ फक्त मोठ्यांना मिळतं असं समजू नका, लहान माणूसही धंमाला लागला तर त्याला ते मिळू शकतं. 'खुदके' आणि 'उडालके', लहान आणि थोर, दोघांनाही हे सांगा. बौद्ध धर्म पसरण्यात लेखांचा वाटा कुठे आहे ते इथे दिसतं. राजा कुणालाही उपासक व्हा असं फर्मावत नाही. मी झालो, आणि याचं फळ मिळालं, एवढं तो भर रस्त्यावर सांगतो. संघासाठी खास मजकूर त्याने वेगळा ठेवला: राजस्थानात बैराटजवळच्या लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी ऐकावेत असे सात धर्मग्रंथ सांगितले आहेत, आणि सांची, सारनाथ, कौशांबीला संघात फूट पाडणाऱ्यांना पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर काढण्याचा हुकूम आहे. या वाटेवरच्या शिळांत तसलं काही नाही. प्रत्यक्ष प्रचाराला भिक्षू गेले. श्रीलंकेचा महावंस सांगतो की रक्खित वनवासीला गेला, महादेव महिसमंडलात आणि महाधम्मरक्खित महारट्ठात. हे नाव आपल्याला अर्थातच ओळखीचं आहे. पण ही यादी लेखांतली नाही, बऱ्याच नंतरच्या बखरीतली आहे. दोन्ही साधनं एकत्र कालवून 'अशोकाने शिलालेखात लिहिलंय' असं सांगायची चूक फार होते.

दिवस तिसरा: कोप्पळ

आजचा दिवस हलका. मस्कीहून कोप्पळ अडीच तासांच्या आत. लेख दोन, दोन्ही 1931 मध्ये प्रकाशात आले, आणि दोन्हींत मस्कीचाच मजकूर थोड्या फरकाने आहे. गविमठाच्या टेकडीवरचा लेख छत्रीसारख्या पुढे आलेल्या खडकाखाली आहे, त्यामुळे पाऊस लागलेला नाही आणि अक्षरं बरीच शाबूत आहेत. या सहलीत ब्राह्मी वाचायचा सराव करायला हाच दगड घ्यावा. दुसरा पालकीगुंडूवर आहे. दोन खडकांवर तिसरा प्रचंड धोंडा आडवा ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. कन्नडात गुंडु म्हणजे धोंडा. चढ लहान पण निसरडा आहे, आणि लेख इतका विरळ उरलाय की गविमठ आधी पाहिला नसेल तर हाती काही लागत नाही. क्रम उलटा करू नका.

हेच कोप्पळ पुढे 'कोपण' नावाने जैनांचं मोठं तीर्थ झालं, आणि आज गविमठ हा लिंगायतांचा मठ आहे. अशोकाचा लेख असला म्हणजे गाव बौद्ध झालं असं गणित मांडता येत नाही.

दिवस चौथा: ब्रह्मगिरी, सिद्दापूर, जटिंग-रामेश्वर

कोप्पळहून पहाटे निघून होस्पेट-बळ्ळारीमार्गे मोळकाल्मूरू. या तालुक्यात, एकमेकांपासून काही किलोमीटरांवर, तीन लेख आहेत. बी. एल. राइस यांनी ते 1892 च्या सुमारास उजेडात आणले. ब्रह्मगिरीची शिळा आधी करावी. ती सर्वांत वाचनीय आहे आणि तिच्यावर छप्पर आहे. लोक तिला अक्षरगुंडु म्हणत. जटिंग-रामेश्वर शेवटी ठेवावा. देवळापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत आणि लेख फार झिजलेला आहे. त्याला बळेगार गुंडु, म्हणजे कासाराचा धोंडा, असं नाव पडलं, कारण जत्रेत बांगड्यांची दुकानं तिथे लागत. वेळ कमी पडला तर हा सोडला तरी चालेल. ब्रह्मगिरी मात्र घाई न करता पाहावी.

तिथली पहिली ओळ अशी: सुवर्णगिरीहून, आर्यपुत्र, म्हणजे राजपुत्र, आणि महामात्र, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, यांच्या शब्दावरून, इसिल इथल्या महामात्रांना आरोग्य विचारावं. मग राजाचा मजकूर. ही सुरुवात लोकांसाठी नव्हतीच. ते पत्रावरचं 'सप्रेम नमस्कार' आहे, एका कचेरीने दुसरीला पाठवलेलं. इसिलच्या माणसांनी आलेला कागद जसाच्या तसा कोरायला दिला, आणि पाकिटावरचा मायनाही दगडावर चढला. सिद्दापूर आणि जटिंग-रामेश्वरलाही हाच मायना आहे. इतिहासाला मात्र ही चूक पावली. हुकूम पाटलीपुत्राहून थेट खडकावर आला नाही; तो दक्षिणेच्या राजधानीत, सुवर्णगिरीला, राजपुत्राकडे आला, आणि तिथून जिल्ह्याला. राज्याची उतरंड त्या एका ओळीत आहे.

मजकुराला लेख स्वतः 'सावण' म्हणतो. श्रवण करवणं, म्हणजे ऐकवणं. हे ऐकवणं 256 व्या रात्री प्रवासात असताना दिलं, असा त्या आकड्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. आकडा 200, 50 आणि 6 अशा तीन चिन्हांनी लिहिला आहे. ब्राह्मीत तेव्हा शून्य नव्हतं आणि स्थानमूल्यही नव्हतं, म्हणून प्रत्येक गटाला वेगळी खूण.

त्याखाली दुसरा लघुलेख येतो, आणि तो सर्वांत साधा आहे: आईवडिलांची सेवा करावी, जिवांविषयी आदर पक्का असावा, खरं बोलावं. शिष्याने आचार्याला मान द्यावा, नातलगांशी योग्य तसं वागावं. 'एसा पोराणा पकिती', ही जुनी रीत आहे, तिने आयुष्य वाढतं. नवा धर्म आणतोय असा आव कुठेच नाही. उलट तुमचंच जुनं सांगतोय, अशी भूमिका. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1947 मध्ये इथेच उत्खनन केलं, आणि लोखंड वापरणाऱ्या, मेलेल्यांना मोठ्या शिळांच्या कबरींत पुरणाऱ्या लोकांच्या खुणा त्यांना मिळाल्या. परक्या राजाचा कारकून त्यांच्यासमोर परक्या भाषेत वाचत होता. ही पाच वाक्यं कोणत्याही भाषेत उल्था करून सांगता येतात, आणि ऐकणाऱ्याला वाद घालायला जागाही ठेवत नाहीत.

शेवटी कोरणाऱ्याची सही: 'चपडेन लिखिते' हे ब्राह्मीत, आणि पुढचा 'लिपिकरेण' हा शब्द खरोष्ठीत. खरोष्ठी ही गांधाराकडची, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी. चित्रदुर्गच्या माळावर ती वाचणारं कुणी नव्हतं. चपड वायव्येकडून बदली होऊन आला असावा. ते एक अक्षरगट बघण्यासाठी टॉर्च उजव्या बाजूने, दगडाच्या कडेला धरावा.

दिवस पाचवा: एर्रगुडी

बळ्ळारीत मुक्काम करून गुंतकल-गुत्तीमार्गे एर्रगुडी. गुत्तीपासून पुढे पत्तिकोंड्याच्या रस्त्याला लागावं. अनू घोष या भूगर्भतज्ज्ञाने विसाच्या दशकाच्या अखेरीला हे लेख शोधले. एकाच टेकडीवर चौदाही मोठे शिलालेख आणि दोन्ही लघुलेख आहेत, वेगवेगळ्या धोंड्यांवर विखुरलेले. जवळच्या जोन्नगिरीलाच सुवर्णगिरी म्हणावं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. तसं असेल तर कालचं पत्र इथून निघालेलं.

कालचा दुसरा लघुलेख इथे जास्त लांब आहे, आणि जे काल गाळलं गेलं ते इथे आहे: ऐकवायचं कसं. रज्जुकाला, म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला, आज्ञा द्या. तो भेरी वाजवून जनपदाला आणि राठिकांना, म्हणजे स्थानिक प्रमुखांना, सांगेल. मग हत्तीवर बसणारे, लेखनिक, रथ शिकवणारे आणि ब्राह्मण यांना सांगा की आपापल्या शिष्यांना जुन्या रीतीप्रमाणे शिकवा. म्हणजे सरकारचं काम रज्जुकापाशी संपतं, पुढे प्रत्येक धंद्यातला गुरू आपल्या शागिर्दाला सांगतो. त्यात भिक्षूंचं नाव नाही. भेरीचा उल्लेख वाचून झाला की त्याच टेकडीवरचा चौथा मोठा लेख शोधावा. युद्धाच्या भेरीचा घोष आता धंमाचा घोष झाला, असं तो म्हणतो. ही नुसती उपमा नव्हती, नगारा खरोखर तोच होता.

तेराव्या लेखात कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप आणि पाच ग्रीक राजांकडे गेलेले दूत आहेत, आणि आठव्यात राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, केलेली यात्रा आहे. या आठव्याचाच तुटका भाग 1882 मध्ये नालासोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना मिळाला होता. शिकारीच्या सहली सोडून राजा तीर्थाला निघाला, वाटेत श्रमण-ब्राह्मणांना भेटला, खेड्यातल्या लोकांशी बोलला. संघाला याहून मोठी मदत हुकमाने झाली नसती.

लघुलेख वाचताना इथे बहुतेक जण अडकतात. डावीकडून सुरुवात केली तर काही ओळी लागतात आणि मधल्या काही निरर्थक निघतात. दोष डोळ्यांचा नाही. त्या ओळी उजवीकडून डावीकडे कोरल्या आहेत, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या, पण तेही नियमाने नाही. ओळखायची खूण अशी की एक ओळ संपते तिथूनच, त्याच कडेला, पुढचा शब्द सुरू होतो का ते पाहावं. उलट्या लिपीची सवय असलेल्या हाताने हे केलं असावं असा तर्क आहे, आणि चपड कालच भेटून गेल्यामुळे तो पटायला जड जात नाही. फोटो घेताना प्रत्येक ओळीचा वेगळा घ्या आणि बाणाने दिशा टिपून ठेवा, नाहीतर घरी जाऊन जुळत नाही. परतीला गुत्ती किंवा गुंतकलहून सोलापूरकडे रायचूर-वाडीमार्गे गाड्या जातात.